सेंटर-फॉरवर्डच्या अंगावर कोण जाणार?

प्रश्न : गेल्या हंगामापासून मी फुटबॉलचे सामने आवडीने पाहू लागले आहे. गोल झाला हे कळते, पण तो का झाला हे कळत नाही, आणि मधली वीस-वीस मिनिटे चेंडू नुसता इकडून तिकडे जाताना दिसतो. समालोचक ‘फॉल्स नाइन’ वगैरे म्हणतात तेव्हा तर मी पार गोंधळून जाते. जोनाथन विल्सन यांचे ‘इन्व्हर्टिंग द पिरॅमिड’ मोठ्या उत्साहाने विकत आणले, पण पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच 2-3-5 आणि 3-2-2-3 अशा आकड्यांत अडकले. नियमांपासून सुरुवात करावी, इतिहासापासून की आजच्या खेळावरच्या एखाद्या पुस्तकापासून?
— एक नवी प्रेक्षक

उत्तर : आपण आणलेले पुस्तक बदलण्याची गरज नाही, फक्त ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचण्याचा आग्रह सोडावा. 2008 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा आवाका फार मोठा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी मैदानांपासून ते व्हिएन्ना, बुडापेस्ट, ब्युनॉस आयर्स, मिलान, कीव्ह आणि बार्सिलोनापर्यंत ते जाते, आणि वाटेत प्रशिक्षकांची व खेळाडूंची नावे इतक्या वेगाने येतात की अनेक वर्षे खेळ पाहिलेला वाचकही मधूनमधून धापा टाकतो. लेखकाने गृहीत धरले आहे की 2-3-5 असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते. नव्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ते राहत नाही, आणि आकडे मग आकडेच उरतात.

म्हणून माझे सुचवणे असे की, एकच प्रश्न हाती धरून या पुस्तकातली मोजकी प्रकरणे वाचावीत आणि त्यांच्यासोबत दोन जुने सामने पाहावेत. प्रश्न साधा आहे : प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर-फॉरवर्डकडे, म्हणजे आघाडीच्या मधोमध खेळणाऱ्याकडे, चेंडू येतो तेव्हा त्याच्या अंगावर कोण जाणार, आणि जाणाऱ्याची मोकळी झालेली जागा कोण भरणार? गेल्या शंभर वर्षांतले डावपेचांचे बरेच मोठे बदल म्हणजे याच प्रश्नाला वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरे आहेत. आपल्याला न कळणारा ‘फॉल्स नाइन’ हा प्रकारही याच प्रश्नातून निघतो.

सुरुवात नियमांपासूनच करावी, पण सर्व नियमांपासून नव्हे. आंतरराष्ट्रीय नियम मंडळाची नियमपुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. तिच्यात सतरा नियम आहेत आणि त्यांतले बहुतेक आपल्याला पाहून-पाहून समजलेलेच असतील. अकरावा नियम, म्हणजे ऑफसाइडचा, तेवढा मात्र कागद-पेन्सिल घेऊन वाचावा. आक्रमण करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडूपेक्षाही व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षक असतो, त्यामुळे व्यवहारात शेवटच्या बचावपटूची रेषा पाहावी लागते. हे सारे सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी मोजतात, पास घेतला त्या क्षणी नव्हे. नव्या प्रेक्षकाचा घोटाळा इथेच होतो, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि चेंडू पोहोचेपर्यंत पास घेणारा बचावफळीच्या बराच पुढे गेलेला दिसतो. एवढे एक पक्के झाले की बचावफळी पुढे का सरकते, मागे का पळते, हे आपोआप अर्थपूर्ण वाटू लागेल.

आता आकड्यांविषयी. आकडे नेहमी स्वतःच्या गोलकडून मोजतात आणि गोलरक्षक त्यात धरत नाहीत. 2-3-5 म्हणजे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीवीर. एका कोऱ्या कागदावर हे मांडून उजवीकडून डावीकडे क्रमांक घालावेत : मागे 2 आणि 3, मध्ये 4, 5 आणि 6, पुढे 7, 8, 9, 10, 11. इंग्लिश लीगमध्ये पाठीवरचे क्रमांक 1939 मध्ये सक्तीचे झाले, तेव्हा ही मांडणी मैदानावरून जवळजवळ गेलेली होती, पण क्रमांक तिच्याच हिशेबाने पडले. म्हणून 9 म्हणजे सेंटर-फॉरवर्ड आणि 5 म्हणजे सेंटर-हाफ. विल्सन यांचे पुस्तक वाचताना हा कागद शेजारी ठेवावा. पुस्तकात सेंटर-हाफ सुरुवातीला मैदानाच्या मध्यभागी भेटतो आणि नंतर तोच बचावफळीत उभा दिसतो. तो तिथे कसा गेला, हेच आपल्या पहिल्या प्रकरणाचे कथानक आहे.

ते प्रकरण हर्बर्ट चॅपमन आणि आर्सेनल यांच्याविषयीचे आहे. त्याआधीची प्रकरणे तूर्त सोडून दिली तरी चालतील. 1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम अधिक कडक होता : आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्या दरम्यान दोन नव्हे, तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. याचा फायदा बचाव करणाऱ्यांना असा होई की, दोघा बचावपटूंपैकी एकाने ऐन वेळी पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवावे, आणि डाव फसलाच तर दुसरा मागे उभा असेच. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या युक्तीत इतका तरबेज होता की खेळ सतत थांबू लागला आणि प्रेक्षक कंटाळले. 1925 च्या उन्हाळ्यात तीनचे दोन झाले. आता एक बचावपटू पुढे सरकला आणि त्याचा अंदाज चुकला, तर आघाडीवीर आणि गोलरक्षक समोरासमोर येत. परिणाम लगेच दिसला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत 1924-25 च्या हंगामात 1192 गोल झाले होते, ते पुढच्याच हंगामात तितक्याच सामन्यांत 1703 झाले.

मग मधला सेंटर-फॉरवर्ड कोणाच्या वाट्याला? ऑक्टोबर 1925 मध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून 7-0 असा हरला आणि त्यानंतर संघातला अनुभवी खेळाडू चार्ली बकन याने धरलेला आग्रह चॅपमन यांनी मान्य केला : सेंटर-हाफला मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे करायचे, आणि त्याने सेंटर-फॉरवर्डला सोडायचे नाही. मध्यभागी पडलेले खिंडार भरायला आघाडीतले आतले दोघे, म्हणजे 8 आणि 10, कालांतराने मागे आले. आपल्या कागदावर 5 ला 2 आणि 3 च्या मध्ये न्यावे, 8 आणि 10 ला थोडे मागे घ्यावे, की 3-2-2-3 तयार होते. वरून पाहिले तर पुढची पाच माणसे इंग्रजी डब्ल्यूसारखी आणि मागची पाच एमसारखी दिसतात, म्हणून या मांडणीला डब्ल्यू-एम म्हणतात. तिचा खरा गाभा जोड्यांत आहे. दोन्ही संघ याच पद्धतीने उतरले की प्रत्येकाला आपापला माणूस ठरलेला असतो : 5 ने समोरच्या 9 ला पाहायचे, कडेच्या बचावपटूंनी विंगरना, म्हणजे 7 आणि 11 ला, हाफ-बॅकनी 8 आणि 10 ला. जवळजवळ पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये ही व्यवस्था इतकी मुरली की तिच्याबाहेर काही असू शकते, हे कोणाच्या फारसे मनात येत नसे.

इथे पुस्तक मिटून सामना लावावा. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्ब्लीवर झालेल्या इंग्लंड-हंगेरी सामन्याचे चित्रण इंटरनेटवर सापडते. कृष्णधवल चित्र आणि दूरचा कॅमेरा यांनी नाउमेद होऊ नये. दूरचा कॅमेरा आपल्या उपयोगाचाच आहे, कारण आजच्या प्रक्षेपणात वारंवार येणारी चेहऱ्यांची जवळची दृश्ये त्यात फारशी नाहीत. इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन, क्रमांक 5. हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड नांदोर हिदेगकुटी, क्रमांक 9. निदान पहिली वीस मिनिटे चेंडूकडे दुर्लक्ष करून केवळ या दोघांमधले अंतर पाहावे. चेंडूकडे दुर्लक्ष करणे सुरुवातीला अवघड जाते, डोळा पुनःपुन्हा तिकडे वळतो, तेव्हा चित्रण थांबवून जॉन्स्टन कुठे आहे ते शोधावे आणि मग पुढे जावे.

आपल्या लक्षात येईल की हिदेगकुटी सेंटर-फॉरवर्डच्या जागी उभाच राहत नाही. तो मागे, मधल्या फळीच्या आसपास येऊन चेंडू घेतो. जॉन्स्टनपुढे दोनच मार्ग आहेत आणि दोन्ही वाईट. त्याने माणसाचा पाठलाग करून पुढे जावे, तर त्याच्यामागे गोलसमोरची जागा उघडी पडते आणि पुश्काश व कोचिश या हंगेरीच्या आतल्या दोन आघाडीवीरांना तेच हवे असते. त्याने जागा सोडू नये, तर हिदेगकुटीला कोणी अडवणारा नाही. तो सावकाश वळून पास देऊ शकतो किंवा स्वतः मारू शकतो. सामना सुरू होऊन एक मिनिटही पुरे होण्याआधी त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेजवळून गोल मारला, तो असाच. हाफ-बॅकनी मदत का केली नाही, हा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. बिली राइट आणि जिमी डिकिन्सन हे दोघे ठरलेल्या हिशेबाने पुश्काश आणि कोचिश यांच्यात गुंतले होते. त्यांच्यापैकी एकाने हिदेगकुटीकडे जायचे, तर त्याचा माणूस दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवा, आणि अशी अदलाबदल करण्याची त्या संघाला सवय नव्हती. मध्यंतराला हंगेरीकडे 4-2 अशी आघाडी होती, शेवटी सामना 6-3 असा सुटला आणि त्यांतले तीन गोल हिदेगकुटीचे होते. या सामन्यातले पुश्काशने तळपायाने चेंडू मागे ओढून राइटला चकवलेले दृश्य सर्वांत प्रसिद्ध आहे. ते जरूर डोळे भरून पाहावे, पण तेथे राइट एकटा का पडला, हेही त्याच वेळी तपासावे.

सामना पाहून झाल्यावरच विल्सन यांचे हंगेरीवरचे प्रकरण वाचावे. आधी वाचले तर लेखकाने जे दाखवले तेवढेच दिसते. आधी पाहून मग वाचले तर आपल्याला दिसलेले आणि निसटलेले दोन्ही समजते. त्या प्रकरणातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते, ती म्हणजे हंगेरीचा स्वतःचा बचाव. हिदेगकुटी मागे आल्याने मधल्या फळीत एक माणूस वाढला, म्हणून झकारियास हा हाफ-बॅक आणखी मागे जाऊन बचावफळीतला जवळजवळ चौथा माणूस होऊ शकला. पाच वर्षांनी, 1958 च्या विश्वचषकात, ब्राझीलने चार जणांची बचावफळी उघडपणे मांडली आणि स्पर्धा जिंकली. मधे दोन बचावपटू असले की एकाने पुढे जावे आणि दुसऱ्याने त्याची जागा राखावी, हे आपल्या मूळ प्रश्नाचे नवे उत्तर. आज आपण पाहता त्या सामन्यांत चार जणांची फळी इतकी नेहमीची आहे की ती कशासाठी आली, याचा विसर पडतो.

दुसरे उत्तर त्याआधीच, 4 जुलै 1954 रोजी बर्नमध्ये मिळाले होते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हिदेगकुटीवर पाळत ठेवण्याचे काम सेंटर-हाफला न देता मधल्या फळीतल्या हॉर्स्ट एकेलला दिले. हंगेरी तो सामना 3-2 असा हरली. त्या पराभवाची कारणे एवढ्यावर संपत नाहीत, पुश्काश दुखापतीतून पुरता सावरलेला नव्हता आणि मैदान चिखलाचे होते. डावपेचांवरची पुस्तके वाचताना हे भान ठेवावे लागते, कारण एकदा एखादी युक्ती समजली की प्रत्येक निकाल तिच्याच खात्यावर टाकण्याचा मोह होतो. विल्सन स्वतः याबाबत बरेच सावध आहेत, त्यांचे अनेक वाचक मात्र नसतात.

आता पंचावन्न वर्षांची उडी मारून दुसरा सामना घ्यावा : 2 मे 2009, रियाल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना, माद्रिदच्या मैदानावर. बार्सिलोनाचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी नेहमी उजव्या कडेला खेळणाऱ्या लिओनेल मेस्सीला मध्यभागी आणले आणि नेहमीचा सेंटर-फॉरवर्ड सॅम्युएल एटो याला उजव्या कडेला पाठवले. माद्रिदच्या बचावफळीच्या मधोमध क्रिस्टोफ मेट्झेल्डर आणि फाबियो कॅनाव्हारो उभे होते. त्यांच्यापुढे उभा असायला हवा तो माणूस मधल्या फळीत झावी आणि इनिएस्ताच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हाच तो ‘फॉल्स नाइन’.

मग मघाचे उत्तर इथे का चालले नाही? मेट्झेल्डरने जावे आणि कॅनाव्हारोने जागा राखावी, इतके सोपे ते असायला हवे होते. याचे कारण पाहण्यासाठी मेस्सीवरून नजर काढून दोन्ही कडांना पाहावे. डावीकडे थिएरी ऑन्री आणि उजवीकडे एटो हे बचावफळीच्या रेषेवर, कडेचे बचावपटू आणि मधले बचावपटू यांच्यातल्या फटीत घुसण्याच्या तयारीत असतात. मधला एक जरी पुढे सरकला तरी ती फट रुंदावते, आणि तिथे पास टाकणारा झावी पलीकडे मोकळा आहे. म्हणून दोघेही जागेवर खिळून राहतात, त्यांच्यापुढे कोणीच नसते, आणि मधल्या फळीत बार्सिलोनाचा एक माणूस कायम जास्त असतो. पहिला गोल माद्रिदनेच केला होता, हे लक्षात ठेवून पाहावे. त्यानंतर काही मिनिटांतच ऑन्रीने बरोबरी साधली आणि सामना 6-2 असा बार्सिलोनाने जिंकला. कोचिश-पुश्काश यांनी जॉन्स्टनला जसे जागेवर बांधले, तसे ऑन्री-एटो यांनी या दोघांना बांधले. फरक एवढाच की तेव्हा धोका मधून होता आणि आता तो कडेने आत येत होता.

या सामन्यानंतर वाचायचे पुस्तक मायकेल कॉक्स यांचे ‘झोनल मार्किंग’. 2019 मध्ये आलेल्या या पुस्तकात 1992 पासूनचा युरोपीय फुटबॉल चार-चार वर्षांच्या टप्प्यांत, एकेका देशाच्या निमित्ताने मांडला आहे : आधी नेदरलँड्स, मग इटली, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन, जर्मनी आणि शेवटी इंग्लंड. आपण स्पेनच्या भागापासून सुरुवात करावी, मग मागे नेदरलँड्सकडे जावे, कारण बार्सिलोनाच्या त्या खेळाची मुळे तिकडे आहेत. कॉक्स यांची भाषा विल्सन यांच्यापेक्षा सुटसुटीत आहे आणि उदाहरणातले सामने शोधून पाहता येण्याजोगे आहेत. त्यांचे उणे असे की ते प्रत्येक टप्प्याला एका देशाचे लेबल लावतात, आणि ते लेबल सर्वच ठिकाणी नीट बसत नाही.

याखेरीज एकच पुस्तक सुरुवातीला जवळ असावे असे मला वाटते, ते रूड गुलिट यांचे ‘हाऊ टू वॉच फुटबॉल’. नेदरलँड्सचे हे माजी कर्णधार सामना पाहताना स्वतः कुठे बघतात आणि का, हे सांगतात. इतिहास म्हणून त्याचा उपयोग नाही, आणि आवडीनिवडी लेखकाच्या स्वतःच्या आहेत, पण सामना चालू असताना मध्येच उघडून पाहण्यासाठी ते बरे आहे.

डेव्हिड गोल्डब्लाट यांचे ‘द बॉल इज राउंड’ आपल्याला अनेक जण सुचवतील. ते उत्तम आहे आणि अवाढव्य आहे, परंतु त्याचा विषय फुटबॉलभोवतीचा समाज, राजकारण आणि पैसा हा आहे. बचावफळी पुढे का सरकली, याचे उत्तर त्यात शोधू नये. एदुआर्दो गालेआनो यांचे ‘फुटबॉल इन सन अँड शॅडो’ हे छोट्या-छोट्या तुकड्यांचे, साहित्यिक वळणाचे पुस्तक झोपण्यापूर्वी दोन पाने वाचावे असे आहे. त्यातून खेळ कळणार नाही, खेळाचे वेड कसे असते ते कळेल. खेळाडूंची आत्मचरित्रे मात्र सध्या बाजूला ठेवावीत, त्यांत ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी भरपूर आणि मैदानावरच्या जागांचा विचार क्वचितच असतो.

आपल्याला खेळ कळू लागला आहे की नाही, याची एक कसोटी सांगतो. चालू सामन्यात एखाद्या संघाचा सेंटर-फॉरवर्ड मागे येऊन चेंडू घेताना दिसला की चित्रण थांबवावे आणि त्याच्या अंगावर कोण जाईल, याचा अंदाज बांधावा : मधला बचावपटू, मधल्या फळीतला कोणी, की कोणीच नाही. मग पुढचे काही सेकंद पाहावेत. कोणीच गेले नाही, असे उत्तर वारंवार आले तर त्या संघाच्या मधल्या दोन बचावपटूंना कोणी जागेवर बांधले आहे, हे दोन्ही कडांना शोधावे. दूरचित्रवाणीवर कडा अनेकदा चौकटीबाहेर राहतात आणि उत्तर सापडत नाही. अशा वेळी दोष आपल्या समजेचा मानू नये, शक्य असेल तर एखादा सामना प्रत्यक्ष मैदानात, वरच्या मजल्यावरून आणि शक्यतो गोलच्या मागच्या बाजूने पाहावा. तिथून फळ्यांमधल्या फटी सर्वांत स्पष्ट दिसतात, आणि ती तिकिटे सहसा सर्वांत स्वस्तही असतात.